हेलियम-ऑक्सिजनची बंद टाकी : विशिष्ट उष्म्याची दोन उत्तरे येतात, चूक नेमकी कुठे होते?

गोदाकाठ

नमस्कार. मी यांत्रिकी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वायूंच्या मिश्रणावरचे एक उदाहरण सोडवताना गेले दोन दिवस अडकलो आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

उदाहरण असे आहे. ५० लिटरच्या पक्क्या, न फुगणाऱ्या टाकीत हेलियम आणि ऑक्सिजन यांचे मिश्रण २७ अंश सेल्सिअस तापमानाला आणि १५० बार दाबाला भरलेले आहे. मोलच्या हिशेबाने हेलियम ८० टक्के आणि ऑक्सिजन २० टक्के आहे. दोन्ही वायू आदर्श मानायचे आहेत. प्रत्येक वायूचा आंशिक दाब, मिश्रणाचे मोलर वस्तुमान, स्थिर आकारमानाची विशिष्ट उष्मा आणि टाकी उन्हात राहून ५७ अंशांपर्यंत तापली तर वायूने घेतलेली उष्णता, अशा चार गोष्टी काढायच्या आहेत.

आंशिक दाब मी मोल-अंशाने गुणून काढले. हेलियमचा १२० बार आला आणि ऑक्सिजनचा ३० बार. मोलर वस्तुमानही त्याच पद्धतीने काढले : ०.८ गुणिले ४.००३ अधिक ०.२ गुणिले ३२, म्हणजे ९.६०. इथपर्यंत उत्तरे जुळतात. त्यानंतर कोष्टकातून हेलियमची विशिष्ट उष्मा ३.११६ आणि ऑक्सिजनची ०.६५८ किलोज्यूल प्रतिकिलो प्रतिकेल्विन घेतली, त्यांनाही ०.८ आणि ०.२ ने गुणले आणि बेरीज केली. ती २.६२ आली. उत्तरसूचीत मात्र १.४८ आहे. माझ्या वर्गमित्राने वस्तुमानाचे अंश काढून गणित केले आणि त्याचे उत्तर १.४८ आले.

माझी शंका अशी की, उदाहरणात मोल-अंश दिलेले असताना आणि आधीच्या दोन्ही पायऱ्यांना तेच चाललेले असताना, तिसऱ्या पायरीला ते का चालू नयेत? मला नुसता नियम नको आहे, कारण हवे आहे.

---

इंद्रायणी_काठचा

नियम सोपा आहे. दाबासाठी मोल-अंश वापरायचे आणि विशिष्ट उष्म्यासाठी नेहमी वस्तुमानाचे अंश वापरायचे. आम्हाला पदविकेच्या वेळी असेच शिकवले होते आणि त्याप्रमाणे माझी सगळी उदाहरणे बरोबर आली होती. तुम्ही विशिष्ट उष्म्याला मोल-अंश लावलेत, तिथे चूक झाली.

---

जुना_फळा

मी या विषयाचे तीस वर्षे अध्यापन केले आहे आणि हीच चूक दरवर्षी किमान दहा-बारा उत्तरपत्रिकांत पाहिली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गोदाकाठ, आपण अंश बाजूला ठेवा आणि प्रत्यक्ष माल मोजा. मिश्रणाचे दहा किलोमोल घेतले असे समजा. त्यांत आठ किलोमोल हेलियम आहे आणि दोन किलोमोल ऑक्सिजन. आता हे तराजूत टाका. आठ किलोमोल हेलियमचे वजन ३२ किलो भरेल आणि दोन किलोमोल ऑक्सिजनचे ६४ किलो. मोजदाद करताना ऑक्सिजन पाचातला एक आहे, पण तराजूवर तो तिनातले दोन आहे. या मिश्रणाचे सगळे वैशिष्ट्य एवढ्या एका गोष्टीत आहे आणि तुमचा घोळही तिथूनच सुरू होतो.

आता हा सगळा माल एक अंशाने तापवायला किती उष्णता लागेल ते पाहू. एक किलोमोल हेलियमला १२.४७ किलोज्यूल लागतात, म्हणून आठांना ९९.८ लागतील. एक किलोमोल ऑक्सिजनला २१.०६ लागतात, म्हणून दोघांना ४२.१ लागतील. बेरीज १४१.९ किलोज्यूल झाली. माल ९६ किलो आहे, म्हणून किलोमागे १.४८ आले. दहा किलोमोलांनी भागलेत तर किलोमोलमागे १४.१९ येतील. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, कारण उष्णता तीच आहे आणि फक्त आपण ती कशामागे सांगतो ते बदलले आहे.

तुम्ही जे केलेत त्याचा अर्थ असा होतो : ०.८ किलो हेलियम आणि ०.२ किलो ऑक्सिजन घेतला आणि तो एक किलो तापवला. हे गणित चुकीचे नाही, पण ते दुसऱ्याच टाकीचे आहे. ज्या टाकीत हेलियम वजनाने ८० टक्के आहे, त्या टाकीची विशिष्ट उष्मा २.६२ असते, आणि मोलच्या हिशेबाने त्या टाकीत जवळजवळ ९७ टक्के हेलियम असेल. तुमच्या टाकीत ते नाही.

इंद्रायणी_काठचा यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. कोष्टकातला आकडा किलोमागे असेल तर वस्तुमानाचे अंश लावायचे, हे खरे आहे. परंतु 'विशिष्ट उष्म्याला नेहमी वस्तुमानाचे अंश' हा नियम धरून चाललात आणि कोष्टकात आकडे किलोमोलमागे दिलेले असले, तर नेमकी उलटी चूक होईल. आकडा ज्याच्यामागे दिला आहे, त्याचाच अंश लावायचा. आंशिक दाब मोल-अंशाने येतो, कारण आदर्श वायूत दाब रेणूंच्या संख्येवर ठरतो, त्यांच्या वजनावर नाही. डाल्टनने १८०१ मध्ये मांडलेली गोष्ट हीच आहे. मोलर वस्तुमान मोल-अंशाने येते, कारण ते मुळातच किलोमोलमागचे वजन आहे.

---

इंद्रायणी_काठचा

आपले म्हणणे मान्य आहे. आमच्या पुस्तकातल्या कोष्टकात सगळे आकडे किलोमागेच होते, त्यामुळे तो नियम कधी चुकला नाही आणि त्याची मर्यादाही कधी लक्षात आली नाही.

---

गोदाकाठ

जुना_फळा सर, दहा किलोमोलांचे उदाहरण वाचल्यावर चूक स्पष्ट दिसली. मनापासून आभार.

एक गोष्ट मात्र अजून खटकते. उत्तर काढल्यावर ते तपासण्याची मला सवय आहे. मिश्रणाचा आकडा दोन घटकांच्या मधे पडला पाहिजे, हे मी पाहिले होते. २.६२ हा ०.६५८ आणि ३.११६ यांच्या मधेच आहे, म्हणून मला तो बरोबर वाटला. उत्तरसूची नसती तर ही चूक मला कशी कळली असती?

---

स्वाती_घन

हा प्रश्न मूळ प्रश्नाहूनही चांगला आहे.

'मधे पडतो का' ही कसोटी इथे निकामी ठरते, कारण अंश कोणतेही लावले तरी बेरीज दोन टोकांच्या मधेच येणार. त्याऐवजी उत्तर दुसऱ्या एककात नेऊन पाहावे. तुमचे २.६२ हे मिश्रणाच्या मोलर वस्तुमानाने, म्हणजे ९.६० ने, गुणा. २५.२ येतात. आता पाहा : हेलियमच्या एका किलोमोलला १२.४७ लागतात, ऑक्सिजनच्या एका किलोमोलला २१.०६ लागतात, आणि दोघांच्या मिश्रणाच्या एका किलोमोलला २५.२ लागतात असे आपण म्हणत आहोत. हे होऊच शकत नाही. योग्य उत्तर १.४७८ घेऊन तेच करा. १४.१९ येतात आणि ते मधे बसतात.

दुसरी कसोटीही आहे. स्थिर दाबाची विशिष्ट उष्मा त्याच चुकीच्या रीतीने काढा. हेलियमचे ५.१९३ आणि ऑक्सिजनचे ०.९१८ घेतले की ४.३४ येतील. त्यातून २.६२ वजा केलेत तर १.७१ उरतात. हा फरक मिश्रणाच्या वायू-स्थिरांकाएवढा असायला हवा आणि तो ८.३१४ भागिले ९.६०, म्हणजे ०.८६६ आहे. जवळजवळ दुपटीचा फरक पडतो, त्यामुळे चूक झाकली जात नाही. मी स्वतः ही दुसरी कसोटी वापरते, कारण मोलर वस्तुमान आधीच काढलेले असते आणि एका भागाकारात काम होते.

विशिष्ट उष्म्यांचे गुणोत्तर मात्र कसोटी म्हणून वापरू नये. चुकीच्या आकड्यांतून १.६५ येते आणि बरोबर आकड्यांतून १.५९. नुसते पाहून यांतला कोणताही आकडा खोटा वाटत नाही.

---

पंचगंगा_सजावट

मी कोल्हापूरला फुग्यांच्या सजावटीचा व्यवसाय करतो आणि हेलियमचे सिलिंडर नेहमी हाताळतो. अभियांत्रिकीचे शिक्षण नाही, परंतु एक शंका विचारतो. हेलियम एवढा हलका आहे की फुगा सुटला तर थेट छताला जाऊन चिकटतो. मग या टाकीत हेलियम वर आणि ऑक्सिजन खाली असेच राहणार नाही का? तसे असेल तर वरच्या तोटीपाशी आंशिक दाब वेगळा आणि तळाशी वेगळा असला पाहिजे, आणि ८०-२० हा हिशेब सगळ्या टाकीला लागू होणार नाही.

---

तळोजा_गॅस

पंचगंगा_सजावट यांच्या शंकेला मी उत्तर देतो, कारण मी मिश्रणे भरण्याचेच काम करतो आणि ही शंका आमच्याकडे नवीन येणाऱ्या प्रत्येक मुलाला पडते.

फुगा वर जातो तो फुगा म्हणून. त्याच्या आतला सगळा वायू एकत्र बांधलेला असतो आणि भोवतालची जड हवा त्याला वर ढकलते. टाकीत हेलियमचा प्रत्येक रेणू सुटा असतो आणि सतत इतर रेणूंवर आदळत असतो. एकदा नीट मिसळलेले वायू पुन्हा आपोआप वेगळे होत नाहीत, मग सिलिंडर वर्षभर उभा ठेवा. गुरुत्वाचा परिणाम अगदी शून्य नसतो, पण दीड मीटर उंचीच्या सिलिंडरमध्ये तळाशी आणि वर मिळून प्रमाणात पडणारा फरक टक्क्याच्या दोन शतांशांहूनही कमी येतो. आमच्या विश्लेषकाला तो दिसतही नाही.

मात्र तुमची शंका एका ठिकाणी खरी ठरते, ती म्हणजे भरल्यानंतर लगेच. आम्ही आधी ऑक्सिजन भरतो आणि मग वरून हेलियम सोडतो. सिलिंडर उभा असेल आणि हेलियम सावकाश आला, तर तो वरच थर करून बसतो आणि आपोआप मिसळायला पुष्कळ वेळ घेतो. तोटीतून लगेच नमुना घेतला तर हेलियम भलताच जास्त दिसतो. म्हणून भरलेले सिलिंडर आडवे करून रोलरवर फिरवतात आणि मगच नमुना घेतात.

एक सूचना तुमच्यासाठी : हेलियमच्या सिलिंडरची जोडणी, नळी किंवा गेज ऑक्सिजनला कधीही लावू नका. तेला-ग्रीसचा अंश असलेल्या नळीत उच्च दाबाचा ऑक्सिजन सोडला तर ती पेट घेऊ शकते. मिश्रण भरणे हे परवानाधारक जागेतच करायचे काम आहे आणि त्याचे नियमन नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व विस्फोटके सुरक्षा संघटनेकडे, म्हणजे 'पेसो'कडे आहे.

आता मूळ उदाहरणाविषयी. उदाहरणात 'दोन्ही वायू आदर्श मानायचे' असे लिहिले आहे म्हणून १२० आणि ३० हे आकडे बरोबर आहेत. परंतु मी नोकरीला नवीन असताना हेच आकडे घेऊन प्रत्यक्ष भरायला गेलो होतो. गेजवर ३० बार होईपर्यंत ऑक्सिजन घेतला, थंड होऊ दिला, पुन्हा ३० वर आणला, मग हेलियम घेऊन १५० बार केले, रोलरवर फिरवले आणि विश्लेषकाला लावले. २० टक्के ऑक्सिजन दिसायला हवा होता, तो २२ च्या आसपास दिसला. मला वाटले विश्लेषक बिघडला आहे. तो बिघडला नव्हता. ती सगळी तुकडी बाजूला ठेवावी लागली आणि दोन दिवसांचे काम पुन्हा करावे लागले.

कारण असे की १५० बारला हेलियम आदर्श वायूसारखा वागत नाही. त्याचे रेणू एकमेकांना ढकलतात, त्यामुळे आदर्श हिशेबापेक्षा सुमारे सात टक्के कमी माल मावतो. ऑक्सिजन ३० बारला उलट वागतो आणि सुमारे दोन टक्के जास्त मावतो. दोन्ही चुका एकाच दिशेला जातात. आता आम्ही ऑक्सिजन साडेसत्तावीस बारच्या आसपास थांबवतो, आणि महत्त्वाच्या मागणीला तर दाबावर विसंबतच नाही, सिलिंडर काट्यावर ठेवून वजनाने भरतो. वजनाला दाब, तापमान आणि रेणूंचे ढकलणे यांतले काहीच बाधत नाही.

---

गोदाकाठ

तळोजा_गॅस, हे वाचून आदर्श मानल्यास सिलिंडरमध्ये किती माल येतो ते काढून पाहिले. ०.३००७ किलोमोल आले, म्हणजे २.८९ किलो. त्यात हेलियम ०.९६ किलो आणि ऑक्सिजन १.९२ किलो. आपल्या काट्यावर खरोखर किती भरते?

---

तळोजा_गॅस

बरोबर २० टक्क्यांचे मिश्रण २७ अंशांना १५० बार भरले, तर २.७ किलोच्या जवळपास. तुमच्या हिशेबाहून सात टक्के कमी.

---

जुना_फळा

तळोजा_गॅस यांचा अनुभव मोलाचा आहे, मात्र त्यातून एक गैरसमज होऊ नये म्हणून लिहितो. मिश्रणात ऑक्सिजन बरोबर २० टक्के असेल आणि एकूण दाब १५० बार असेल, तर ऑक्सिजनचा आंशिक दाब ३० बारच असतो, वायू आदर्श असो वा नसो. मोल-अंश गुणिले एकूण दाब ही त्याची व्याख्याच आहे. आपण भरताना जे २७.५ बार पाहता, तो ऑक्सिजन टाकीत एकटा असतानाचा दाब आहे. हे दोन आकडे फक्त आदर्श वायूत सारखे असतात.

---

तळोजा_गॅस

सर, आदर ठेवून मतभेद नोंदवतो. भरणाऱ्या माणसाला 'एकटा असताना टाकीत किती दाब असेल' हाच आंशिक दाब उपयोगाचा आहे, कारण गेजवर तोच दिसतो. डाल्टनची मूळ कल्पनाही तीच होती की प्रत्येक वायू जणू टाकीत एकटाच आहे असे वागतो. नुसता गुणाकार करून आलेला ३० हा आकडा टाकीतल्या कोणत्याही गेजवर कधीच दिसत नाही. मग त्याला दाब का म्हणायचे?

---

जुना_फळा

त्याला दाब म्हणायचे, कारण सगळ्या घटकांचे असे आकडे मिळवले की एकूण दाब बरोबर येतो. आपल्या व्याख्येने ही बेरीज उच्च दाबाला चुकते. परंतु आपला युक्तिवाद मला अगदीच अमान्य नाही. रासायनिक समतोलाच्या अचूक हिशेबात यांपैकी एकही आकडा पुरेसा नसतो आणि तिथे तिसरीच राशी वापरावी लागते.

---

दर्या_ड्युटी

मी मुंबई हायच्या परिसरात पाणबुड्यांना वायू पुरवणाऱ्या जहाजावर तंत्रज्ञ म्हणून काम केले आहे. हेलियम-ऑक्सिजन हे आमचे रोजचे मिश्रण असल्याने धागा आवडीने वाचला.

आमच्याकडे टक्क्यांना स्वतंत्र अर्थ नसतो, सगळे काही आंशिक दाबावर चालते. शरीराला ऑक्सिजनचे टक्के कळत नाहीत, त्याचा आंशिक दाब कळतो. तिथे समुद्राची खोली सुमारे पंचाहत्तर मीटर आहे, म्हणजे तळाशी साडेआठ बार दाब. या उदाहरणातले २० टक्क्यांचे मिश्रण तिथे दिले तर ऑक्सिजनचा आंशिक दाब १.७ बार होईल, आणि कामावरच्या पाणबुड्याला तो आकडी आणू शकतो. पाणबुडे दिवसेंदिवस ज्या दाबाच्या कोठीत राहतात, तिथे ऑक्सिजनचा दाब ०.४ बारच्या आसपास ठेवतात. साडेआठ बारच्या कोठीत तो पाच टक्क्यांपेक्षाही कमी भरतो. तेच पाच टक्के जमिनीवर श्वासात घेतले तर माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडेल. म्हणून प्रत्येक बाटलीवरचे टक्के दोनदा वाचण्याची आम्हाला सवय लावलेली असते.

विशिष्ट उष्म्याचाही आम्हाला रोज प्रत्यय येतो. हेलियमची विशिष्ट उष्मा हवेच्या पाचपट आहे, म्हणून तो अंगातली उष्णता ओढून घेतो. कोठी तीस अंशांच्या आसपास ठेवावी लागते, नाहीतर माणसे कुडकुडतात.

---

स्वाती_घन

दर्या_ड्युटी, आंशिक दाबाविषयी आपण लिहिलेले फार उपयुक्त आहे. शेवटच्या परिच्छेदात मात्र मूळ धाग्यातलीच गफलत झाली आहे. माणसे कुडकुडतात हे खरे, परंतु कारण वेगळे आहे.

पाचपट हा आकडा किलोमागचा आहे. अंगाभोवती किंवा फुप्फुसात वायू किलोने येत नाही, आकारमानाने येतो, म्हणजे मोलने येतो. किलोमोलमागे पाहिले तर स्थिर दाबाला हेलियमला २०.८ लागतात आणि हवेला २९.१. त्याच दाबाचा आणि त्याच आकारमानाचा हेलियम हवेपेक्षा कमीच उष्णता साठवतो. थंडी वाजते ती हेलियमच्या उष्णतावाहकतेमुळे, जी हवेच्या सुमारे सहापट आहे. त्वचेलगतचा वायूचा थर हवेचा असेल तर तो गोधडीचे काम करतो, हेलियमचा असेल तर करत नाही.

---

दर्या_ड्युटी

हे मी इतकी वर्षे चुकीचे सांगत आलो, सुधारणेबद्दल आभारी आहे. तरी एक विचारतो. श्वासावाटे जाणारी उष्णता आमच्याकडे मोठी अडचण असते आणि खोल कामाला श्वासाचा वायूही तापवून द्यावा लागतो. मोलमागे हेलियम कमी उष्णता घेत असेल तर असे का व्हावे?

---

स्वाती_घन

कारण साडेआठ बारला एका श्वासात जमिनीवरच्या साडेआठपट मोल जातात. प्रत्येक मोल हवेच्या तुलनेत तीस टक्के कमी उष्णता घेतो, पण मोलच आठपटीहून जास्त झाले. तिथे कारण हेलियम नाही, दाब आहे. उथळ पाण्यात हा परिणाम किती जाणवतो, ते आपणच अनुभवाने सांगू शकाल.

---

इंद्रायणी_काठचा

मूळ उदाहरणातला शेवटचा भाग अजून कोणी घेतलेला नाही. टाकी उन्हात तापते तेव्हा आतला दाबही वाढतो. मग दाब स्थिर नसताना आणि तापमानही बदलत असताना कोणती विशिष्ट उष्मा घ्यायची? मला वाटते दोन्हींची सरासरी घ्यावी.

---

जुना_फळा

सरासरी नको. टाकी फुगत नाही, म्हणून वायू बाहेर ढकलण्याचे कोणतेही काम करत नाही आणि दिलेली सगळी उष्णता आतल्या ऊर्जेतच जाते. म्हणून स्थिर आकारमानाचीच घ्यायची. दाब वाढतो हे खरे, परंतु दाब वाढणे म्हणजे काम होणे नव्हे. काहीतरी सरकले तरच काम होते.

---

गोदाकाठ

त्याप्रमाणे केले. २.८९ गुणिले १.४७८ म्हणजे अंशामागे ४.२७ किलोज्यूल, आणि तीस अंशांना १२८ किलोज्यूल. माझ्या चुकीच्या आकड्याने हेच २२७ आले असते. दाब १५० वरून १६५ बार होतो, कारण केल्विनमध्ये तापमान ३०० वरून ३३० झाले. आंशिक दाबही त्याच प्रमाणात वाढून १३२ आणि ३३ झाले. तापल्यामुळे मोल-अंश बदलत नाहीत, हे लिहिताना लक्षात आले.

ऊन लागून १२८ किलोज्यूल आत जायला किती वेळ लागेल, याचाही अंदाज काढून पाहावा असे मनात आहे.

---

तळोजा_गॅस

तो अंदाज काढताना लोखंड विसरू नका. या मापाचा पोलादी सिलिंडर सुमारे पंचावन्न किलोचा असतो आणि पोलादाची विशिष्ट उष्मा ०.४७ च्या आसपास आहे, म्हणजे त्याला अंशामागे २६ किलोज्यूल लागतात. आतल्या वायूला ४.२७. उन्हातली सातांतली सहा हिस्से उष्णता सिलिंडरच घेतो. भरताना हेच उलट दिसते. वायू झपाट्याने तापतो, जाड पोलाद मात्र मागे राहते, आणि मग तासाभरात वायू पोलादाला उष्णता देऊन निवतो आणि गेज खाली उतरते. नवीन माणूस ते पाहून गळती शोधत बसतो.

आणखी एक. तुमच्या उदाहरणातले १५० बार गेजवरचे आहेत की निरपेक्ष?

---

गोदाकाठ

उदाहरणात लिहिलेले नाही. मी निरपेक्ष धरले. गेजवरचे असतील तर १५१ होतील आणि मोल पाऊण टक्क्याहूनही कमी वाढतील, म्हणजे या आकड्यात फार काही बिघडत नाही.

---

तळोजा_गॅस

एकूण दाबात बिघडत नाही. परंतु गेज शून्य दाखवत असताना सिलिंडरमध्ये एक बार हवा असते, आणि तिच्यावर ३० बार ऑक्सिजन घेतला तर तिच्यातला नायट्रोजन मिश्रणात जातो. तो अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त भरतो. उदाहरणात दोनच वायू आहेत, आमच्या प्रमाणपत्रावर तो तिसरा दिसतो. म्हणून आम्ही भरण्याआधी सिलिंडर निर्वात पंपाला लावतो.

---

पंचगंगा_सजावट

थर बसण्याचे कळले, आभार. माझ्याकडे येणारे स्वस्त हेलियमचे सिलिंडर कधी कधी फुगे नीट उचलत नाहीत. त्यांत हवा मिसळलेली असेल तर ते मला घरच्या घरी ओळखता येईल का?

---

स्वाती_घन

येईल, आणि त्यासाठी मोलर वस्तुमानच उपयोगी पडेल. शुद्ध हेलियमचे ४ आणि हवेचे २९. हेलियममध्ये मोलने दहा टक्के हवा मिसळली तर मिश्रणाचे ६.५ होते आणि फुग्याची उचलण्याची शक्ती बरोबर दहा टक्क्यांनी घटते. त्याच मापाचा, त्याच जातीचा फुगा एकदा खात्रीच्या सिलिंडरमधून आणि एकदा शंकेच्या सिलिंडरमधून सारख्याच घेराचा फुगवा, दोऱ्याला कागदाच्या चिठ्ठ्या बांधत जा आणि दोन्ही वेळा तो कितीने तरंगत स्थिर राहतो ते सोनाराच्या काट्यावर तोला. रिकाम्या फुग्याचे वजन दोन्हींत मिळवायला विसरू नका, नाहीतर घट आहे त्याहून मोठी दिसेल.